बुडण्याआधीची वजाबाकी

बँकेच्या ताळेबंदात ठेवी देण्याच्या बाजूला असतात आणि कर्जे मालमत्तेच्या बाजूला. ठेवीदाराचा पैसा हे बँकेचे देणे असते. कर्जदाराकडून येणे असलेली रक्कम ही तिची मालमत्ता. पण ही मालमत्ता जमिनीसारखी किंवा सोन्यासारखी नसते. कर्जदार व्याज आणि हप्ते भरत राहील, या भरवशावरच तिची किंमत टिकून असते. तो भरवसा ढळला की वहीतला आकडा तोच राहतो, मालमत्तेची खरी किंमत मात्र उतरते. ही उतरलेली किंमत हिशेबात कधी आणि किती दाखवायची, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे अनुत्पादक कर्जाची ओळख आणि त्यासाठी केलेली तरतूद.

भारतात या उत्तराला आजचे स्वरूप आले ते 1991 च्या नरसिंहम समितीनंतर. त्याआधी कर्जदाराने पैसे भरले नाहीत तरी अनेक बँका त्याच्या खात्यावर व्याज आकारत आणि ते व्याज उत्पन्न म्हणून जमेस धरत. न मिळालेल्या पैशावर नफा दिसत असे. समितीच्या शिफारशींनंतर रिझर्व्ह बँकेने 1992-93 पासून कर्जांच्या वर्गवारीचे आणि तरतुदीचे नियम लागू केले. कर्ज किती काळ थकले म्हणजे ते अनुत्पादक ठरावे, ही मुदत आधी चार तिमाह्यांची होती. ती टप्प्याटप्प्याने कमी होत मार्च 2004 पासून 90 दिवसांवर आली. शेतीच्या कर्जाला हा नियम तसाच लागू होत नाही. तिथे मोजणी पीक हंगामाने होते: कमी मुदतीच्या पिकांसाठी दोन हंगाम, वर्षाहून लांब हंगामाच्या पिकांसाठी एक हंगाम.

नव्वद दिवसांची मोजणी

एक काल्पनिक उदाहरण घेतले तर सगळी साखळी स्पष्ट होते. एका यंत्रमागधारकाकडे एका व्यापारी बँकेचे 40 लाख रुपये मुद्दल येणे आहे. व्याजाचा दर 12 टक्के, म्हणजे महिन्याला सुमारे 40 हजार रुपये व्याज. तारण म्हणून माग आणि गाळा आहे आणि विक्रीतून त्यांचे 30 लाख रुपये येतील असा अंदाज आहे. 30 जूनला देय असलेला हप्ता त्याने भरला नाही.

त्याच दिवशी, दिवसअखेरचे काम आटोपताना, खाते थकीत म्हणून नोंदले जाते आणि विशेष लक्ष ठेवायच्या खात्यांच्या पहिल्या गटात जाते. बँकेतले लोक याला ‘एसएमए शून्य’ म्हणतात. 30 दिवस सलग थकबाकी राहिली तर 30 जुलैला ते एसएमए एकमध्ये आणि 29 ऑगस्टला एसएमए दोनमध्ये जाते. हा सगळा इशाऱ्याचा काळ असतो. वसुली अधिकाऱ्याचे फोन, गाळ्यावरच्या भेटी, जामीनदाराला पत्र हे सारे याच काळात होते. 28 सप्टेंबरला 90 दिवस पूर्ण झाले आणि थकबाकी तशीच असली, की खाते ‘एनपीए’ होते.

त्या दिवशी दोन गोष्टी बदलतात. पहिली व्याजाबाबतची. गेल्या तीन महिन्यांत आकारलेले पण हातात न आलेले सुमारे 1 लाख 20 हजार रुपये व्याज उत्पन्नातून मागे घ्यावे लागते. यापुढे या खात्यावरचे व्याज प्रत्यक्ष मिळेल तेव्हाच उत्पन्नात धरता येते. कर्ज ‘अनुत्पादक’ ठरते म्हणजे काय, ते इथे दिसते: ते बँकेसाठी उत्पन्न देईनासे झालेले असते. दुसरी गोष्ट अशी की वर्गवारी खात्यावरून होत नाही, कर्जदारावरून होते. त्याच यंत्रमागधारकाने त्याच बँकेतून घेतलेले मोटारीचे कर्ज अगदी वेळेवर फिटत असले, तरी तेही एनपीए धरले जाते. एका माणसाची पत एका कप्प्यात चांगली आणि दुसऱ्यात वाईट असू शकत नाही, हा त्यामागचा विचार.

या कोंडीतून बाहेर पडण्याचा रस्ताही नेमका आहे. एखादा हप्ता भरून किंवा फक्त व्याज देऊन खाते पुन्हा उत्पादक होत नाही. मुद्दल आणि व्याजाची संपूर्ण थकबाकी भरावी लागते. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2021 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले, कारण काही संस्था नुसते व्याज आले की खाते नियमित दाखवत होत्या.

तरतुदीचा जिना

कर्ज चांगले असतानाही तरतूद करावीच लागते, पण ती अगदी थोडी. लघुउद्योगाच्या उत्पादक कर्जावर ती पाव टक्का, म्हणजे या उदाहरणात 10 हजार रुपये. 28 सप्टेंबरनंतर कर्ज ‘सबस्टँडर्ड’ म्हणजे दुय्यम दर्जाचे होते आणि तरतूद एकदम 15 टक्क्यांवर जाते. 40 लाखांवर 6 लाख. इथे तारणाची किंमत वजा करता येत नाही. टक्केवारी पूर्ण येणे रकमेवर लागते. तारण नसलेले कर्ज असते तर दर 25 टक्के असता.

बारा महिने असेच गेले तर कर्ज ‘डाउटफुल’ म्हणजे संशयित होते. आता त्याचे दोन भाग पडतात. तारणाने झाकलेले 30 लाख आणि उघडे पडलेले 10 लाख. उघड्या भागाची पूर्ण तरतूद करायची, झाकलेल्या भागाची 25 टक्के. म्हणजे 10 लाख अधिक साडेसात लाख, एकूण साडेसतरा लाख. आणखी एक वर्ष गेले की झाकलेल्या भागाचा दर 40 टक्के होतो आणि एकूण तरतूद 22 लाखांवर पोहोचते. संशयित अवस्थेत तीन वर्षे पूर्ण झाली की तारण असो वा नसो, पूर्ण 40 लाखांची तरतूद करावी लागते. एनपीए झाल्यापासून चार वर्षांत कर्ज पुस्तकांतून जवळपास पुसले गेलेले असते. वसुली मात्र थांबलेली नसते.

हा जिना काळाने चढायचा असतो, पण एका प्रसंगी पायऱ्या गाळाव्या लागतात. तारणाची विक्रीयोग्य किंमत आधीच्या अंदाजाच्या निम्म्याहूनही खाली गेली असेल, तर कर्जाला बारा महिने न थांबता थेट संशयित धरायचे. तारणाची किंमत येणे रकमेच्या 10 टक्क्यांच्याही आत आली, तर ‘लॉस’ म्हणजे बुडीत धरून पूर्ण तरतूद करायची. वाट पाहण्याला अर्थ उरला नाही, तेव्हा नियमही वाट पाहत नाही.

पैसे नक्की कुठे ठेवले जातात?

‘बँक पैसे बाजूला ठेवते’ असे म्हटले की तिजोरीतला एखादा वेगळा कप्पा डोळ्यासमोर येतो. तसा कप्पा नसतो. तरतूद ही हिशेबातली वजाबाकी आहे. यंत्रमागधारकासाठी 6 लाखांची तरतूद केली, म्हणजे नफा-तोटा पत्रकात 6 लाख रुपये खर्च दाखवला गेला आणि ताळेबंदात त्या कर्जाची निव्वळ किंमत 40 ऐवजी 34 लाख झाली. एकही नोट जागची हललेली नाही. पण नफा 6 लाखांनी कमी झाला, आणि नफ्यातून जे बाहेर जाते ते बाहेर जाणे थांबले. लाभांश त्यावर वाटता येत नाही, संचालक त्याला आपल्या कर्तबगारीचा पुरावा म्हणून दाखवू शकत नाहीत. पैसा बँकेतच राहतो. तो जाण्याची वाट बंद करणे एवढेच तरतूद करते.

कर्ज पुढे वसूल झाले तर ही वजाबाकी उलटी फिरते आणि तरतुदीची रक्कम नफ्यात परत येते. म्हणून तरतूद म्हणजे कर्जमाफी नव्हे. वर्तमानपत्रांत ‘इतके कोटी राइट-ऑफ’ अशी बातमी येते, तेव्हाही बहुधा पूर्ण तरतूद झालेली कर्जे मुख्य पुस्तकांतून काढलेली असतात. कर्जदाराचे देणे संपत नाही. दावा, तारणाची जप्ती आणि विक्री, दिवाळखोरी न्यायाधिकरणातील कार्यवाही हे सगळे चालू राहू शकते.

खात्री होईपर्यंत थांबले तर

तोटा नक्की ठरेपर्यंत थांबण्यात काय बिघडते, हे आकड्यांत पाहता येते. समजा, एका बँकेने 100 कोटी रुपये हजारभर छोट्या व्यापाऱ्यांना 12 टक्क्यांनी दिले आहेत. वर्षाला 12 कोटी व्याज येते. ठेवींवरचे व्याज आणि चालवण्याचा खर्च मिळून 9 कोटी जातात. उरतात 3 कोटी. पण अनुभव असा की दरवर्षी शंभरात दोघे तरी थकतात आणि वसुली धरूनही शेवटी दीड कोटी बुडतात. म्हणजे खरा नफा दीड कोटीचाच. व्याजाच्या दरातला एक भाग मुळातच बुडणाऱ्यांसाठी, प्रामाणिकपणे भरणाऱ्यांकडून घेतलेला असतो.

आता ही बँक ठरवते की कोणते कर्ज बुडाले ते न्यायालयाचा निकाल लागला, लिलाव झाला की मगच धरायचे. त्याला तीन वर्षे लागतात. मग तीन वर्षे दरसाल 3 कोटी नफा जाहीर होतो. त्यावर कर जातो, लाभांश वाटला जातो. चौथ्या वर्षी मागच्या तीन वर्षांचे साडेचार कोटी आणि त्या वर्षीचे दीड, असा 6 कोटींचा तोटा एकदम समोर येतो. त्या वर्षीचे 3 कोटी वजा केले तरी 3 कोटींची तूट उरते, आणि आधी वाटलेला नफा परत मागता येत नाही. कोणते कर्ज बुडणार हे पहिल्या वर्षी कोणालाच माहीत नव्हते, हे खरे. पण काही बुडणार हे माहीत होते. एकेका खात्याची अनिश्चितता आणि सगळ्या खात्यांची मिळून असलेली निश्चितता, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तरतूद दुसरीवर उभी असते.

हा उशीर बँकेत इतर धंद्यांपेक्षा जास्त महाग पडतो, कारण बँकेत मालकाचा पैसा थोडा असतो. 100 रुपयांच्या कर्जामागे भांडवल 10 रुपयांच्या आसपास, बाकी बहुतेक ठेवीदारांचे. तोटा आधी भांडवलातून जातो. 8 रुपयांचा तोटा लपला, तर पुस्तकात 10 रुपये भांडवल दिसते आणि प्रत्यक्षात 2 उरलेले असतात. ठेवीदार, तपासनीस आणि कधीकधी संचालकही 10 समजून निर्णय घेत राहतात. त्या भांडवलाच्या जोरावर नवी कर्जे दिली जातात. त्यानंतर होणारा तोटा ठेवीदाराच्या पैशाला भिडायला वेळ लागत नाही.

‘नवे-जुने’ आणि पीएमसी

तरतुदीने नफा घटतो, म्हणून तरतूद टाळण्याचा मोह होतो, आणि तरतूद टाळायची तर कर्ज एनपीए होऊ द्यायचे नाही. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांत आणि बँकांत यासाठी जुना शब्द आहे: नवे-जुने करणे. 31 मार्चच्या आत जुने कर्ज फिटल्याचे दाखवायचे आणि त्याच माणसाला तेवढेच, व्याजासह थोडे अधिक, नवे कर्ज द्यायचे. पैसा फक्त कागदावर फिरतो. थकबाकी शून्य दिसते आणि येणे रक्कम दरवर्षी फुगत जाते. हेच काम एका फर्मचे कर्ज तिच्याच भावंड-फर्मला कर्ज देऊन फेडून घेण्याच्या रूपातही होते. ओळखण्याची खूण साधी असते: खात्यात वर्षभर उलाढाल नाही आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मोठी जमा, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तेवढीच मोठी उचल.

मुंबईतील पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँक हे लपवाछपवी कुठवर जाते याचे टोकाचे उदाहरण. 2018-19 या वर्षासाठी या बँकेने सुमारे 100 कोटी रुपयांचा नफा आणि 3.76 टक्के ढोबळ एनपीए दाखवले होते. 23 सप्टेंबर 2019 रोजी रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले आणि ठेवीदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत मिळून फक्त 1,000 रुपये काढण्याची मुभा राहिली. तपासात समोर आले ते असे: सुमारे 8,880 कोटींच्या एकूण कर्जांपैकी 6,500 कोटींच्या आसपास, म्हणजे जवळपास 73 टक्के, एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे होते. ते थकले असतानाही एनपीए दाखवले नव्हते. तपास यंत्रणांच्या म्हणण्यानुसार ती खाती झाकण्यासाठी 21,049 बनावट खाती रचण्यात आली होती.

तरतुदीच्या हिशेबात हे मांडले की लपवण्यामागचे कारण उघड होते. नागरी सहकारी बँकांसाठी दुय्यम कर्जाचा दर त्या वेळी 10 टक्के होता. 6,500 कोटींवर ही पहिली पायरीच 650 कोटींची होते, म्हणजे बँकेच्या साडेसहा वर्षांच्या नफ्याइतकी. पुढच्या पायऱ्यांवर भांडवल पुरले नसते. कर्ज पहिल्यांदा थकले तेव्हाच तरतूद सुरू झाली असती, तर नफा तेव्हाच आटला असता, लाभांश थांबला असता, तपासणीत प्रश्न आले असते आणि त्याच समूहाला आणखी कर्ज देणे अवघड झाले असते. ते झाले नाही. जानेवारी 2022 मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचे संरक्षण मिळाले. त्यावरची रक्कम दहा वर्षांपर्यंतच्या हप्त्यांत देण्याची योजना झाली.

मोठ्या बँकांत हीच गोष्ट सौम्य रूपात, पण फार मोठ्या प्रमाणावर घडली. रस्ते, वीज आणि पोलाद प्रकल्पांना दिलेली कर्जे अडचणीत असूनही पुनर्रचनेच्या सवलतीखाली चांगली दाखवली जात होती. रघुराम राजन गव्हर्नर असताना 2015 मध्ये रिझर्व्ह बँकेने मालमत्ता गुणवत्तेची खास तपासणी हाती घेतली. त्यानंतर ढोबळ एनपीएचे प्रमाण मार्च 2016 मध्ये साडेसात टक्क्यांच्या आणि मार्च 2018 मध्ये 11 टक्क्यांच्या पुढेमागे गेले. कर्जे त्या तीन वर्षांत बिघडली नव्हती. बिघडलेली कर्जे त्या तीन वर्षांत मोजली गेली. सार्वजनिक बँका तोट्यात गेल्या, सरकारला भांडवल घालावे लागले, आणि मग हे प्रमाण उतरत मार्च 2024 मध्ये 2.8 टक्क्यांवर आले. त्या उतारात वसुलीचा वाटा आहे तसा राइट-ऑफचाही आहे.

नव्वद दिवसांच्याही आधी

आजच्या भारतीय नियमात एक उणीव राहतेच. 89 व्या दिवशी तरतूद पाव टक्का आणि 90 व्या दिवशी 15 टक्के, असा कडा आहे. माणूस मात्र त्या एका रात्रीत बिघडत नाही. 2008 च्या जागतिक अरिष्टानंतर जगभर हीच टीका झाली की बँका तरतूद फार उशिरा आणि फार थोडी करतात. त्यातून आयएफआरएस 9 हे लेखामानक आले आणि जानेवारी 2018 पासून अनेक देशांत लागू झाले. त्यात कर्जाच्या तीन अवस्था आहेत. नव्या, सुदृढ कर्जासाठी येत्या बारा महिन्यांत अपेक्षित असलेल्या तोट्याची तरतूद. जोखीम लक्षणीय वाढली, उदाहरणार्थ थकबाकी 30 दिवसांपलीकडे गेली, की कर्जाच्या उरलेल्या पूर्ण आयुष्यातल्या अपेक्षित तोट्याची. प्रत्यक्ष बिघडलेले कर्ज तिसऱ्या अवस्थेत. अपेक्षित तोटा म्हणजे थकण्याची शक्यता, थकल्यावर बुडणारा वाटा आणि त्या वेळची येणे रक्कम यांचा गुणाकार. 40 लाखांचे कर्ज थकण्याची शक्यता 3 टक्के आणि थकल्यास निम्मे बुडण्याचा अंदाज असेल, तर अपेक्षित तोटा 60 हजार रुपये, पाव टक्क्याच्या 10 हजारांच्या सहापट. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2023 मध्ये या पद्धतीवर चर्चापत्र काढून भारतीय बँकांना त्या दिशेने नेण्याचा विचार मांडला.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. शक्यता आणि वाटा हे दोन्ही अंदाज बँक स्वतःच करते, आणि ज्याच्या हाती अंदाज त्याच्या हाती नफा. चांगल्या वर्षात जास्त तरतूद करून वाईट वर्षात ती परत आणणे आणि नफा गुळगुळीत दाखवणे शक्य असते. शिवाय कोणतीही तरतूद अपेक्षित तोट्यापुरतीच पुरते. अनपेक्षित धक्का सोसायचे काम भांडवलाचे.

ठेवीदाराला किंवा सभासदाला बँकेचा वार्षिक अहवाल हातात आल्यावर तीन आकडे शेजारी ठेवून वाचता येतात: ढोबळ एनपीए, तरतूद वजा केल्यावरचे निव्वळ एनपीए, आणि एनपीएच्या किती टक्के तरतूद झाली ते प्रमाण. ढोबळ आकडा एकट्याने फसवा असतो. भरमसाट नवी कर्जे दिली की टक्केवारी आपोआप उतरते. निव्वळ एनपीएची रक्कम भांडवल आणि राखीव निधीच्या बेरजेशी ताडून पाहिली, तर न केलेली वजाबाकी किती उरली आहे ते कळते. ती बेरजेच्या जवळ पोहोचली असेल, तर त्या अहवालातल्या लाभांशाच्या टक्केवारीला फारसा अर्थ नाही.